साहेबांचा निरोप

आमच्याकडं कुणी नोकरीतून उतरला की गावात कार्यक्रम होतो. शाल, नारळ, फेटा, फोटो आणि शेवटी जेवण. ज्यांना यायला जमत नाही त्यांचे संदेश वाचून दाखवायचे असतात. पूर्वी तारा यायच्या. तारेच्या कचेरीत शुभेच्छांची वाक्यं नंबर लावून ठेवलेली असत. पाठवणारा नुसता नंबर सांगायचा आणि इकडं पुरं वाक्य उमटायचं. त्यामुळं पाच तारा आल्या तर पाचांत एकच मजकूर. वाचणारा मग मजकूर सोडून नावंच वाचायचा आणि लोक नावांना टाळ्या द्यायचे.

हे वाचायचं काम गावात बहुतेक माझ्याकडं येतं. १९७५ साली दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली, त्या तुकडीतला मी. पुढं शिकलो नाही, रानात उतरलो, पण आवाज मोठा आणि वाचन स्वच्छ, एवढ्यावर आजवर शंभरेक संदेश वाचले असतील. त्यातला एकच लक्षात आहे. तो ३१ मे २०११ ला वाचला. त्या दिवशी आमच्या चारीचे पाटकरी आप्पा सेवेतून निवृत्त झाले. (कागदावर जन्म १ जून. आमच्या पिढीतले निम्मे लोक मास्तरांच्या कृपेनं १ जूनलाच जन्मलेले आहेत.)

संदेश होता त्यांच्या जुन्या साहेबांचा, म्हणजे आमच्या भागाच्या रिटायर झालेल्या कालवा निरीक्षकांचा. ते पुण्याला मुलीकडं होते. खुब्याचं हाड मोडलेलं, उठता येत नव्हतं. त्यांचा नातू मोटारसायकलवर सहा फुलस्केप कागद घेऊन आला. वर लाल शाईनं लिहिलेलं, "हा कागद अमक्यानेच वाचावा. मधले काही गाळू नये." अमक्याच्या जागी माझं नाव. मला वाटलं, आवाजामुळं असेल. कार्यक्रम तोंडावर आलेला, आधी वाचून बघायला सवड मिळाली नाही. तशी सवड मिळाली असती तर मी काय केलं असतं, हे आता सांगता येत नाही.

त्या कागदात काय होतं ते कळायला आधी आमचा पाट समजून घेतला पाहिजे. शहरातल्या वाचकाला पाट म्हणजे पाणी भरून वाहणारी नाली वाटते. ती तशी नसते. पाट म्हणजे पाण्याची रांग. रांगेत कोण पुढं, कोण मागं, यावरच सगळं आहे.

आमचं पाणी नीरा डाव्या कालव्याचं. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला, त्यानंतर हा कालवा खोदला आणि १८८५ साली पाणी सुटलं. वरती भाटघरला धरण झालं. पुढं त्याच्याच खाली नवं मोठं धरण बांधलं, ते १९२८ च्या सुमारास पुरं झालं. कालवा पुरंदरातून निघतो, बारामतीतून जातो आणि इंदापुरात येऊन संपतो. शंभर मैलांच्या घरातला पाट. गंमत अशी की सुरुवातीची कैक वर्षं लोक पाणी घ्यायलाच तयार नव्हते. पाऊस बरा झाला की कालव्याकडं कुणी फिरकायचं नाही आणि पाऊस हुकला की सगळेच एकदम दारावर उभे. सरकारलाही त्यात पट्टी मिळेना. नंतर उसाची गोडी लागली, तेव्हा उलटं झालं. वरच्या काही गावांनी इतकं पाणी घेतलं की तिथल्या काळ्या रानांना पाणी लागलं, जमिनी चिबड झाल्या, पांढरं मीठ वर आलं. खालची गावं मात्र कोरडीच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात इंजिनिअर होते. त्यांनी याच कालव्यावर ब्लॉकची पद्धत काढली. थोड्याच गावांना सगळं पाणी देण्याऐवजी पुष्कळ गावांत पाण्याचे तुकडे आखून द्यायचे, आणि त्या तुकड्यातही सगळा ऊस नाही लावायचा. ढोबळ तिसऱ्या हिश्श्यात ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची हंगामी पिकं. शेतकऱ्यांना सुरुवातीला त्यात काहीतरी काळंबेरं वाटलं. माझ्या आज्याच्या तोंडी "बिलाक" हा शब्द होता आणि तो शब्द तो शिवीसारखा वापरायचा. पण शेवटाला पाणी पोचलं पाहिजे हा विचार पाटावर तेव्हापासून आला, असं मला वाटतं.

शेजपाळी हा त्याच विचाराचा रोजचा व्यवहार. हंगामाला शेतकरी सात नंबरचा फॉर्म भरून पाणी मागतो. पीक आणि क्षेत्र लिहून द्यायचं. मंजूर झालं की पास मिळतो आणि चारीवरच्या सगळ्या पासांची यादी लागते. पाळी सुरू होते ती शेवटच्या दारापासून. पाणी सगळ्यांच्या बांधावरून खाली जातं, टोकाचा माणूस आधी भिजवतो, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा, असं करत पाणी तोंडाकडं येतं. वरच्यानं आधी घेतलं तर त्याचं भिजून झाल्यावर "आता पुढं जाऊ द्या" म्हणायला कुणी उरत नाही, हे त्यामागचं साधं कारण.

कागदावर हे सोपं आहे. रात्री दोन वाजता सोपं नसतं. उसाची पानं सुरळी करून उभी आहेत, पाळी बावीस दिवसांवर गेलीय, आणि तुमच्या बांधाला लागून भरलेली चारी खळखळ करत दुसऱ्याच्या रानाला चाललीय. दार वर उचलायला एक पहार पुरते. अशा वेळी यादी आणि पहार यांच्या मधे जो एक माणूस असतो तो पाटकरी.

आप्पा १९७३ साली रोजंदारीवर लागले. आदल्या वर्षीच्या दुष्काळात खडी फोडली होती, तिथूनच कुणीतरी उचलून चारीवर आणलं. पाच वर्षं सलग भरल्यावर कालेलकर निवाड्याप्रमाणं कायमच्या धर्तीवर आले. चार मैलांची चारी, अकरा दारं, एक सायकल, एक बॅटरी आणि खुणा कोरलेली बाभळीची काठी. साहेबांच्या संदेशाची सुरुवात याच काठीपासून होती.

"सप्रेम नमस्कार," मी वाचायला लागलो. "माझ्या हाताखाली एकंदर चौदा पाटकरी होऊन गेले. त्यांतल्या तेरा जणांना पाणी दिसत होते. आप्पाला पाणी मोजता येत होते."

टाळ्या पडल्या. आप्पा फेटा सावरत खाली बघत बसले.

पुढं साहेबांनी मोजणीचं लिहिलं होतं, आणि इतकं फोड करून लिहिलं होतं की मांडवातल्या बायकासुद्धा गप्प होऊन ऐकायला लागल्या. चारीच्या शेवटच्या मैलात सिमेंटचा दीड फूट रुंदीचा फ्लूम आहे. फ्लूम म्हणजे चारी आवळून केलेली अरुंद नळ. त्यातून पाणी उसळी घेऊन जातं आणि शेजारच्या पट्टीवर त्याची उंची वाचता येते. असले फ्लूम इंग्लिस नावाच्या साहेबानं इंग्रजांच्या अमदानीत आपल्या कालव्यांवर बसवायला सुरुवात केली. आमच्या फ्लूमवर पट्टी ९ इंच दाखवत असली तर ३ क्युसेक पाणी जातं. आता शेतकऱ्याला वाटतं, ९ चे ६ इंच झाले म्हणजे पाणी तिसऱ्या हिश्श्यानं कमी झालं. तसं नसतं. उंची उतरते त्यापेक्षा पाणी जास्त उतरतं. पावणेसहा इंचाला निम्मंच पाणी राहतं, दीड क्युसेक. इंचाचा हा दगा पाटकऱ्याला कळला नाही तर चोरी झालेली त्याला कळतच नाही. आप्पांनी काठीवर इंच कोरलेच नव्हते. त्यांनी पाण्याच्याच खुणा कोरल्या होत्या, तीन, अडीच, दोन, दीड, म्हणून त्या खुणांतली अंतरं सारखी नव्हती. लोक हसायचे, पाटकऱ्याला धड फूटपट्टी करता येत नाही म्हणून. मीही हसलोय.

दुसरा हिशेब त्याहून कामाचा. एक क्युसेकचं दार तासभर चाललं तर एकरभर रानात इंचभर पाणी उभं राहतं. उन्हाळ्यातल्या उसाला एका भिजणीला चार इंच तरी लागतं. म्हणजे एका दारानं एकराला चार तास. शाळेत न गेलेल्या आप्पांचं सगळं गणित या दोन ओळींवर चालायचं.

इथपर्यंत मी मजेत वाचत होतो. मग चौथा कागद आला.

"आता १९८७ च्या एप्रिलची गोष्ट सांगतो," असं साहेबांनी लिहिलं होतं. "ही सांगावी म्हणूनच हा कागद लिहायला घेतला. बाकीचे कौतुक कोणीही करील."

लागोपाठ वाईट पावसाची वर्षं चालली होती. धरणात कमी, कालव्याला कमी, आणि आमच्या चारीच्या तोंडाशी फक्त ४ क्युसेक सुटत होतं. चार मैलांत मुरून एक जायचं, तीन शेवटाला पोचायचं. त्या तिन्हीवर शेवटची तीन दारं एक एक क्युसेकनं चालू होती. एका रात्री दहाच्या सुमाराला आप्पांनी फ्लूमवर काठी लावली, तर पाणी दीडच्या खुणेला. त्यांनी तासाभरानं परत लावली, तरी दीडच. मातीच्या चारीत पाणी माणसाच्या निम्म्या चालीनं जातं. म्हणजे फूट पडली ती आत्ता नाही, तास-दीड तास आधी, आणि तिथून दीड-दोन मैल वर. ते सायकल घेऊन निघाले, पण रात्रीच्या वेळी दारं झाकलेलीच दिसली. चोरणारा काही दार उघडं ठेवून झोपत नाही. बॅटरी दिसली की तो आडवं टाकतो आणि बॅटरी गेली की परत उचलतो. सकाळी सातला पट्टी पुन्हा ९ वर आली.

मग आप्पांनी जे केलं ते साहेबांनी ओळीनं लिहिलं होतं. दीड क्युसेक, नऊ तास. साडेतेरा एकर-इंच. चार इंचांनी भागलं तर तीन एकर आणि वर थोडं. म्हणजे तीन-साडेतीन एकराचा, एकाच रात्रीत पुरा भिजलेला ऊस शोधायचा. बाकी सगळं रान वीस दिवसांचं तडकलेलं असताना एवढी ओल लपत नाही. आणि चारीच्या काठावरही एक खूण असते. दार नुसतं उचलून पाणी पुरेसं आत शिरत नाही. चारीत मातीची पोती आडवी टाकून पाणी तुंबवावं लागतं. पोती पहाटे काढली तरी तुंबलेल्या पाण्याची ओली रेघ वरच्या अंगाला काठावर हातभर चढलेली असते. ती सकाळी आठ-नऊपर्यंत वाळत नाही. आप्पांना ती रेघ सातव्या दाराच्या वर सापडली आणि सातव्या दाराखाली तीन एकर दहा गुंठे ऊस भिजलेला सापडला.

सातवं दार आमचं आहे.

हे वाचताना माझ्या लक्षात आलं, आणि तरी तोंड वाचतच होतं. वाचणाऱ्याचं तसं होतं, डोळे दोन ओळी पुढं गेलेले असतात. पुढची ओळ होती, "शेतकऱ्याचे नाव लिहीत नाही. वाचणाऱ्याला ते ठाऊक आहे."

त्या रात्री दारं मी धरलं होतं. मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहारीनं दार उचललं, मी पोती टाकली आणि रात्रभर सऱ्या फोडत फिरलो. आप्पांची बॅटरी दोनदा आली. दोन्ही वेळा नानांनी दार पाडलं आणि आम्ही उसात बसलो. पाचटात खसखस झाली की छातीत धडधडायचं. ते कुणाचं पाणी आहे हे मला माहीत होतं. शेवटच्या दारावर एक विधवा बाई, आम्ही तिला आत्या म्हणतो, तिचा दीड एकर ऊस होता. तिची पाळी त्या रात्रीची होती. नाना म्हणाले होते, "तिचं काय, तिला उद्या मिळंल." पण यादीत उद्या दुसऱ्याचं नाव असतं. आत्याचा ऊस पुढच्या पाळीपर्यंत टिकला नाही. मे महिन्यात तिनं तो वैरणीला कापून विकला.

साहेबांनी पुढं लिहिलेलं मात्र मला ठाऊक नव्हतं, म्हणजे निम्मं ठाऊक नव्हतं. आप्पांनी रीतसर पंचनामा केला होता. वरच्या गावातला कुणी पंच म्हणून सही करीना, म्हणून शेवटाचे दोघं सह्यांना घेतले. काठीची खूण, तास, क्षेत्र सगळं लिहिलं आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. तो पुढं गेला असता तर आमच्यावर दंडाची आकारणी आली असती. पाणीपट्टी तेव्हा पिकाच्या क्षेत्रावर होती, किती पाणी घेतलं यावर नव्हती. त्यामुळं पासावरच्या शेतकऱ्याला पाणी वाचवून काही फायदा नव्हता आणि चोरून घेणाऱ्याला एकाच गोष्टीचं भ्यावं लागायचं, पंचनाम्याचं.

"तो पंचनामा मी पुढे पाठवला नाही. माझ्या मुलीच्या लग्नाला त्या शेतकऱ्याने मला दोन हजार रुपये हातउसने दिले होते, ते माझ्याकडून फिटले नव्हते. त्याने मला काही सांगितले नाही, मी होऊन कागद दाबला. आठ दिवसांनी शेवटाच्या अकरा जणांचा अर्ज आला की पाटकऱ्याने पाणी विकले. चौकशीत मला विचारले, पंचनामा आला होता का. मी नाही म्हणालो. आप्पाची एक वेतनवाढ थांबली आणि त्याची दोन वर्षे दुसऱ्या भागात बदली झाली. तो पंचनामा माझ्याकडे आहे हे आप्पाला माहीत होते. त्याने एकदाही मागितला नाही. सोबत जोडला आहे."

सहावा कागद तोच होता. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, दोन सह्या आणि शेवटी आप्पांचा अंगठा नाही, सही. सही करायला ते रात्रशाळेत शिकले होते.

मी थांबलो. मांडवात दीडएकशे माणूस असेल. पंख्याचा आवाज येत होता. आप्पांची बदली झाली तेव्हा गावानं त्यांना काय काय म्हटलं होतं ते त्या सगळ्यांना आठवत असणार. "पाणीविक्या" हा शब्द पोरांच्या तोंडी होता. ते परत आल्यावरही तो शब्द पुरता गेला नाही. कुणाची पाळी चुकली की हळूच निघायचा. मीही त्या वेळी पारावर बसून ऐकला आणि काही बोललो नाही. नाना १९९८ साली गेले. त्यांनीही मरेपर्यंत विषय काढला नाही.

मी थांबलेला बघून आप्पा खुर्चीवरूनच म्हणाले, "वाचा की पुढं. पाणी मधीच का आडवलं?"

काही लोक हसले. त्यांना वाटलं मला अक्षर लागेना. मी म्हणालो, "सातवं दार. आमचं. त्या रात्री दारं मी धरलं होतं." आणि उरलेला परिच्छेद वाचला. त्यात विशेष काही नव्हतं. माझ्या पायाने साथ दिली असती तर हे मी समोर उभा राहून सांगितले असते असे लिहावेसे वाटते, पण ते खरे नाही, समोर मला सांगता आले नसते, असं साहेबांनी लिहिलं होतं. मग आप्पाच्या कुटुंबाला आशीर्वाद आणि सही.

टाळ्या वाजवाव्यात का नाही ते कुणाला कळेना. अध्यक्षांनी घाईनं आभार उरकले आणि पंगत बसवली. मी वाढायला घेतलं, कारण बसून जेवायचा धीर नव्हता. आत्या बायकांच्या पंगतीत होती. तिच्या पानावर मी बुंदी वाढायला वाकलो तर ती म्हणाली, "म्हंजी ते पाणी तुमच्याकडं होतं व्हय? मी चोवीस वरसं आप्पाच्या नावानं बोटं मोडली की रं." मी म्हणालो, "व्हय आत्या." तिनं पुढं काही म्हटलं नाही. बुंदी घेतली नाही. पापड घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आप्पांच्या घरी गेलो. पैशाचं बोललो. एक वेतनवाढ थांबली म्हणजे नुसते त्या वर्षाचे रुपये जात नाहीत. मागं पडलेली पायरी कशी भरून येते त्यावर पुढचे पगार आणि शेवटी पेन्शनही अवलंबून असते, हे मी शाखेतल्या एका कारकुनाकडून समजून घेतलं होतं. आप्पा म्हणाले, "त्यो हिशेब तुमच्यानं व्हायचा न्हाई. त्या बाईचा करा. दीड एकर ऊस, त्या सालचा भाव." आत्याचा हिशेब मी केला. त्या सालचा उतारा तिच्याकडून विचारून घेतला, भाव कारखान्याच्या जुन्या पावतीवर सापडला, वैरणीचे आलेले पैसे वजा केले. आत्यानं पैसे घेतले. मोजून घेतले.

आप्पांनी मात्र माझ्याकडून एक काम करून घेतलं. साहेबांना उत्तर लिहायचं होतं आणि त्यांना सहीपुढं लिहायला यायचं नाही. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. मला वाटलं होतं पंचनाम्याबद्दल काही असेल. त्याचा एकच उल्लेख होता, "कागद पोचला."

बाकी पत्र चारीचं होतं. त्यांच्या जागेवर नवा माणूस दिलेला नाही. दोन चाऱ्या मिळून एकच पाटकरी आहे, तो दिवसा येतो. २००५ च्या कायद्यानं पाणी वापर संस्था झाल्या, पाणी आता संस्थेला मोजून द्यायचं आहे, पण आमच्या संस्थेच्या फ्लूमची पट्टी पुसली गेली आहे आणि ती रंगवायला कुणी येत नाही. तिसऱ्या मैलात डाव्या काठाला उंदरांची बिळं झाली आहेत. पाणी सुटायच्या आत ती मुरूम घालून ठोकली नाहीत तर काठ जाईल. हे तुम्ही पुण्याहून कुणाला तरी फोन करून सांगा, तुमचं ऐकतील.

पत्र पुरं झाल्यावर त्यांनी कोपऱ्यातली काठी काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, संस्थेच्या कपाटात ठेवू नका, तिथं वाळवी हाय. फ्लूमला लावताना खालचं टोक साफ करून लावा, चिखल असला तर पाव क्युसेक कमी दाखवती.

जुलैत पाणी सुटलं तेव्हा मी ती पहिल्यांदा लावली. अडीचची खूण दिसली. ३ यायला पाहिजे होतं. मी सायकल काढली आणि वर निघालो.